पियानोच्या विद्यार्थिनीसाठी कॉन्झर्व्हेटरीचे शिफारसपत्र: नेमके काय लिहावे?

प्रश्न: मी पुण्यात घरी पियानो शिकवते. माझी एक सतरा वर्षांची विद्यार्थिनी अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या कॉन्झर्व्हेटरींना अर्ज करतेय आणि तिला माझे शिफारसपत्र हवे आहे. ग्रेड ८ ला डिस्टिंक्शन आहे, सहा वर्षे माझ्याकडे शिकतेय. पत्रात काय लिहू, किती लिहू? तिच्या उणिवा लिहाव्यात का? मी काही नावाजलेली कलाकार नाही, मग माझ्या पत्राला किंमत असते का?

उत्तर:

पत्र वाचणाऱ्यासमोर काय असेल, तिथून सुरुवात करा. अमेरिकेतल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरी पियानोसाठी आधी रेकॉर्डिंग मागवतात. त्यातून निवडलेल्यांची जानेवारी ते मार्चदरम्यान ऑडिशन होते. म्हणजे तुमची विद्यार्थिनी कशी वाजवते हे पॅनेल स्वतःच्या कानांनी ऐकणार आहे. ‘तिचा स्पर्श अतिशय संवेदनशील आहे’ असे तुम्ही लिहिलेत आणि रेकॉर्डिंगमध्ये तो तसा ऐकू आला, तर तुमचे वाक्य वाया गेले. तसा ऐकू आला नाही, तर तुमच्या बाकीच्या पत्रावरचाही विश्वास गेला.

पॅनेलला पंधरा-वीस मिनिटांत कळू शकत नाही अशी एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे ही मुलगी शिकते कशी. नवी रचना हातात आल्यावर ती काय करते, चूक दाखवली की पुढच्या आठवड्यात काय घेऊन येते, आणि आज ऐकू येणाऱ्या पातळीपर्यंत ती किती वेळात, कुठून आली. चार वर्षे तिला शिकवायची जबाबदारी घेणाऱ्या प्राध्यापकाला हेच जाणून घ्यायचे असते, आणि ते सांगू शकणारी व्यक्ती तुम्हीच आहात. नावाजलेल्या कलाकाराने दोन मास्टरक्लासमध्ये ऐकून लिहिलेल्या चार कौतुकाच्या ओळींपेक्षा सहा वर्षे दर आठवड्याला शेजारी बसलेल्या शिक्षिकेचे तपशीलवार पत्र जास्त उपयोगी पडते. तुम्हाला तिथे कोणी ओळखत नाही हे खरे आहे. म्हणूनच तुमची विश्वासार्हता तपशिलातून उभी राहायला हवी.

लिहायला बसण्याआधी तासभर फक्त माहिती गोळा करा. कुठल्या संस्था, कुठला अभ्यासक्रम, शेवटच्या तारखा आणि रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या रचना आहेत, याची यादी तिच्याकडून लेखी घ्या. मग तुमची वही काढा. वही ठेवत नसाल तर तिची नोटेशनची पुस्तके मागवून घ्या. पेन्सिलीने केलेल्या खुणा, बदललेली बोटे, समासात लिहिलेल्या तारखा आणि मेट्रोनोमचे आकडे यांतून बराच इतिहास सापडतो. पालकांच्या फोनमधल्या क्लिपवर तारीख असतेच. या तारखांशिवाय लिहिलेले पत्र आठवणींवर चालते, आणि आठवणीत फक्त विशेषणे उरतात.

पहिला परिच्छेद कोरडा आणि छोटा ठेवा. तुम्ही तिला कधीपासून शिकवता, आठवड्यातून किती वेळ आणि कशाच्या तुलनेत बोलता आहात, एवढेच. सहा वर्षे, आठवड्याला एक तास, सुट्ट्या-परीक्षा वगळून वर्षाला साधारण चाळीस आठवडे धरले तर सुमारे २४० तास होतात. हा आकडा लिहिण्यासारखा आहे. तुलनेचा पाया प्रामाणिक असावा. ‘मी पाहिलेल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ यातून काहीच कळत नाही, कारण तुम्ही किती पाहिलेत ते वाचणाऱ्याला माहीत नसते. त्याऐवजी आजवर साधारण किती विद्यार्थी शिकवले, त्यांपैकी ग्रेड ८ च्या पुढे किती गेले आणि त्यांत ही कुठे बसते, ते सांगा. आकडा लहान असला तरी चालतो. चाळीस विद्यार्थ्यांपैकी तीन जण त्या पातळीवर गेले आणि त्यांत ही सर्वांत झपाट्याने पुढे गेली, हे वाक्य वाचणाऱ्याला तोलता येते.

ग्रेडचे प्रमाणपत्र एका वाक्यात आटपा. अर्जात ते आहेच, आणि कॉन्झर्व्हेटरीला अर्ज करणाऱ्या पियानोवादकांत ग्रेड ८ ही सुरुवातीची पायरी समजली जाते. मात्र एक गोष्ट स्पष्ट करण्यासारखी आहे. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाची परफॉर्मन्स ग्रेड २०२० पासून सुरू झाली. त्यात चार रचना रेकॉर्ड करून पाठवायच्या असतात. स्केल्स, साइट-रीडिंग आणि कानाची चाचणी नसते. तिचे डिस्टिंक्शन, म्हणजे १५० पैकी १३० किंवा अधिक गुण, या प्रकारातले असेल, तर त्यावरून तिच्या साइट-रीडिंगबद्दल काहीच कळत नाही. ती माहिती तुम्हीच पत्रातून पुरवायला हवी.

आता पत्राचा गाभा. येथे एकच रचना निवडा आणि ती तिने कशी शिकली ते सांगा. पाच रचनांचा ओझरता उल्लेख करण्यापेक्षा एका रचनेचे दीड परिच्छेद फार पुढे नेतात. निवडताना दोन गोष्टी पाहा: ती रचना रेकॉर्डिंगमध्ये असावी, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचे शब्द आणि तिचे वाजवणे जोडता येईल, आणि ती शिकताना तिला खरोखर अडचण आलेली असावी. सहज जमलेल्या रचनेतून शिकण्याची पद्धत दिसत नाही.

उदाहरण घेऊ. समजा तिच्या यादीत बीथोव्हनचा डी मेजर सोनाटा आहे, ओपस १० क्रमांक ३. त्याचा दुसरा भाग, लार्गो ए मेस्तो, डी मायनरमध्ये आणि ६/८ मात्रेत आहे. सुरुवातीलाच खालच्या पट्ट्यांत दाट कॉर्ड आहेत आणि सुरावट त्यांच्या वरच्या स्वरात दडलेली आहे. सगळी बोटे सारख्या वजनाने पडली तर नुसता गढूळ आवाज येतो. त्यात विद्यार्थी बहुतेक वेळा सहाही मात्रा सुट्या मोजतात, त्यामुळे ओळ तुटते. मग ते झाकायला पेडल वाढवतात आणि गढूळपणा आणखी वाढतो. पियानो शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेले आहे, म्हणून पॅनेलला तुमचे वर्णन लगेच पटते.

पहिल्या मसुद्यात बहुतेक शिक्षक असे लिहितात: ‘बीथोव्हनच्या सोनाटाचा संथ भाग ती विलक्षण परिपक्वतेने आणि भावपूर्णतेने वाजवते. ती अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे.’

हेच असे लिहिता येईल. पत्र इंग्रजीतच जाईल, पण विचार आधी आपल्या भाषेत मांडला की इंग्रजी सरळ उतरते:

‘हा सोनाटा तिने जानेवारीत सुरू केला. दुसऱ्या भागात ती सुरुवातीला प्रत्येक मात्रेवर जोर देत होती आणि कॉर्डमधला वरचा स्वर ऐकू येत नव्हता. मी तिला इतकेच सांगितले की पेडल पूर्ण सोड आणि वरची ओळ गाऊन बघ. पुढच्या आठवड्यात तिने पहिल्या ओळी पेडलशिवाय वाजवून दाखवल्या. वरचा स्वर टिकावा म्हणून आतल्या स्वरांची बोटे तिने स्वतः बदलली होती आणि का बदलली ते तिला सांगता आले. तिच्या घरी डिजिटल पियानो आहे, त्यावर हा तोल नीट जोखता येत नाही. म्हणून मार्च ते मे ती आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येऊन अकूस्टिक पियानोवर फक्त या भागावर काम करत होती. एप्रिलमध्ये तो भाग पाठ झाला. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये पेडल जेवढे कमी ऐकू येते तेवढे तिने ठरवून ठेवले आहे.’

या उताऱ्यात कौतुकाचे एकही विशेषण नाही. तरी वाचणाऱ्याला चार गोष्टी कळतात: अडचण काय होती, शिक्षिकेने किती मदत केली, मुलीने स्वतः काय शोधले आणि त्याला किती वेळ लागला. यांतली दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. तुम्ही किती सांगितले ते लिहिले नाही, तर तिने किती केले हे कोणालाच कळत नाही. ‘बोटे बदलली’ आणि ‘मी सुचवलेली बोटे तिने वापरली’ यांत मोठा फरक आहे. खरे जे असेल तेच लिहा. तुमच्या सूचनेवरून केलेले कामही चांगलेच असते, फक्त ते तिच्या नावावर टाकू नका. ऑडिशननंतरच्या गप्पांत प्राध्यापक ‘ही बोटे का?’ असे सहज विचारतात, आणि उत्तर आले नाही तर पत्र खोटे ठरते.

उताऱ्यात वाद्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या घरी डिजिटल पियानोच असतो आणि ग्रँड पियानो स्पर्धेत किंवा परीक्षेतच भेटतो. अर्ध्या पेडलवर अचूक ताबा, डाव्या पेडलने बदलणारा रंग, मोठ्या वाद्याची जड यंत्रणा, या गोष्टींची सवय तिला कमी असेल तर त्यामागचे कारण पॅनेलला दिसत नाही. रोज ग्रँडवर बसणाऱ्या मुलांच्या रांगेत ती तशीच मोजली जाते. एका वाक्यात ती कुठल्या वाद्यावर रोज सराव करते आणि अकूस्टिक पियानो आठवड्याला किती तास मिळतो ते सांगा. सूर मात्र तक्रारीचा नको. ती अडचण तिने कशी भागवली ते लगेच पुढच्या वाक्यात यायला हवे, नाहीतर ती सबब वाटते.

तंत्राबद्दल लिहायचे असेल तर असाच एक ठोस धागा पुरतो. तिच्या यादीत शोपॅनचा सी शार्प मायनर एत्यूड, ओपस १० क्रमांक ४, असेल तर वेगाचा प्रवास आकड्यांत सांगता येतो. शोपॅनने मिनिमला ८८ असा वेग दिला आहे. त्यात धावत्या सोळाव्या मात्रा दोन्ही हातांत आलटून पालटून येतात, म्हणून डाव्या हाताची कमजोरी लपत नाही. ‘ऑगस्टमध्ये मिनिमला ६० वर डावे मनगट आखडत होते. तिने वेग वाढवणे थांबवून तीन आठवडे डाव्या हाताच्या ओळी एकट्या, हळू आणि मऊ वाजवल्या. ऑक्टोबरअखेर ती ८० वर आखडल्याशिवाय वाजवू लागली.’ वेग ८८ पर्यंत पोचला नसेल तर तसे सांगायलाही हरकत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकू येतोच.

उणिवांबद्दल माझे मत ठाम आहे: एक उणीव लिहावी, ती खरी असावी आणि ती सुधारत असल्याचा पुरावा सोबत असावा. एकही उणीव नसलेले पत्र वाचणारा मनातल्या मनात कापून वाचतो. पण उणीव अशी निवडा जी तिथे गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत उघडी पडणारच आहे. साइट-रीडिंग हे आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण. वर्षभर तीन-चार परीक्षेच्या रचनांवर घासून शिकलेली मुले नवीन पान समोर आले की अडखळतात, आणि कॉन्झर्व्हेटरीत साथसंगत आणि चेंबर म्युझिक सुरू झाले की रोज नवीन पान समोर येते. तर असे लिहा: ‘दोन वर्षांपूर्वी ती ग्रेड ४ च्या पातळीचे पान थांबत वाचत असे. तेव्हापासून प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटे आम्ही चार हातांच्या सोप्या रचना वाचतो. आता ग्रेड ६ च्या पातळीचे पान ती न थांबता, थोड्या कमी वेगात वाचते. वादनाच्या मानाने हे अजून मागे आहे.’ शेवटचे वाक्य काढू नका. त्यामुळेच आधीची वाक्ये खरी वाटतात.

दुखापत किंवा आजारपण यांचा उल्लेख विद्यार्थिनीच्या आणि पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय करू नका. संमती असेल तरी तो वर्षभराचे अंतर समजावण्यापुरताच करा. मंचावरच्या भीतीचेही तसेच आहे. ती ऑडिशनमध्ये थरथरेल असे आधीच सांगून ठेवण्यात तिचे काहीच भले नाही.

दुसऱ्यांबरोबर वाजवण्याचा अनुभव असेल तर त्याला दोन-तीन वाक्ये द्या. चर्चमधल्या कॉयरला साथ, शाळेतल्या गायकाला किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्या मैत्रिणीला साथ, यांतले काहीही चालेल. गायकाने दोन मात्रा सोडल्या तेव्हा तिने न थांबता त्याला कसे गाठले, असा एखादा प्रसंग तुम्ही स्वतः पाहिला असेल तर तो सोन्यासारखा आहे. ऐकीव असेल तर सोडून द्या.

आता नुकसान कुठे होते ते सांगतो. आपल्या शाळांच्या शिफारसपत्रांतली ठरावीक भाषा, ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडियंट’, इथे उलट बोलते. ‘ओबीडियंट’ वाचून प्राध्यापकाला वाटते की ही मुलगी सांगितल्याशिवाय काही करत नाही. दुसरे, रचनांच्या नावांची गफलत. तुम्ही ऑगस्टमध्ये पत्र लिहिता, ऑक्टोबरमध्ये तिने एक रचना बदललेली असते, आणि पत्रात ती जुनीच राहते. अपलोड करण्याआधी अंतिम यादी पुन्हा मागवा. तिसरे, एका संस्थेच्या पत्रात दुसऱ्या संस्थेचे नाव राहून जाणे. सगळ्यांना एकच पत्र पाठवायचे असेल तर मजकुरात कुठल्याच संस्थेचे नाव घालू नका. त्याने काही बिघडत नाही.

आणि ‘तूच लिहून आण, मी सही करते’ असे कधीही म्हणू नका. कामाच्या रगाड्यात ही सवय आपल्याकडे रुळलेली आहे, पण अर्जात तिचा स्वतःचा निबंधही जातो. दोन्हीकडे तीच वळणे, तीच वाक्ये दिसली की वाचणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. शिवाय सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शिकण्यातले काय महत्त्वाचे होते ते बाहेरून दिसत नाही. तिने लिहिलेल्या पत्रात स्पर्धा आणि बक्षिसे येतात, पेडल सोडल्याचा तो आठवडा येत नाही.

लांबी: एक ते दीड पान, इंग्रजीत साधारण ५०० ते ७०० शब्द. लेटरहेड नसेल तर वर तुमचे नाव, गाव, फोन, ईमेल आणि वादनातली पात्रता टाका. सही करून पीडीएफ बनवा. वर्डची फाइल पाठवू नका, दुसऱ्या संगणकावर तिची मांडणी बिघडते.

अमेरिकेच्या अर्जात विद्यार्थिनी तुमचा ईमेल भरते आणि तुम्हाला थेट संस्थेकडून लिंक येते. ती अनेकदा स्पॅममध्ये जाते, तिथे पाहा. अर्जातच तिला पत्र पाहण्याचा हक्क सोडायचा की नाही ते विचारतात. तिने तो सोडलेला बरा, कारण मग वाचणारा पत्राला मोकळेपणाने लिहिलेले मानतो. एकदा तसे ठरले की मसुदा तिला किंवा पालकांना दाखवू नका. लिंकवर बऱ्याच ठिकाणी एक तक्ताही असतो: तंत्र, संगीताची समज, शिस्त, प्रत्येकाला श्रेणी द्या. सगळीकडे सर्वोच्च खूण करून पत्रात ‘साइट-रीडिंग मागे आहे’ असे लिहिलेत तर दोन्ही एकमेकांना खोडतात. पत्र आधी पूर्ण करा, मग तक्ता भरा.

वेळेचे गणित नीट मांडा. अमेरिकेतल्या अनेक कॉन्झर्व्हेटरींची अर्जाची शेवटची तारीख १ डिसेंबरच्या आसपास असते. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ११:५९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९ झालेले असतात. हा वेळ हाताशी आहे म्हणून शेवटपर्यंत थांबू नका. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अपलोड झालेले बरे. इंग्लंडचे मात्र आधी येते. रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज किंवा मँचेस्टरची रॉयल नॉर्दर्न अशा संस्थांचे अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्स या सामायिक अर्जव्यवस्थेतून जातात आणि संगीतासाठी शेवटची तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. तिथे दोन संदर्भ लागतात: एक शैक्षणिक, जो शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज देते, आणि एक वादनाचा, जो तुमचा. शाळेने वादनाबद्दल आणि तुम्ही बारावीच्या अभ्यासाबद्दल लिहू नका. म्हणजे तुमचे मुख्य लिखाण ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच व्हायला हवे, आणि त्याचेच थोडे वाढवलेले रूप नोव्हेंबरमध्ये अमेरिकेला जाईल. मधल्या दोन महिन्यांत तिच्या वाजवण्यात जे बदलले ते त्यात जोडा.

जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांचा विचार असेल, तर तिथे मुख्यतः प्रवेश-परीक्षेतले वादनच प्रवेश ठरवते. पत्र मागितले नसेल तर पाठवू नका.

अपलोड झाल्यावर ‘मिळाले’ अशी नोंद बहुधा तुम्हाला दिसत नाही, ती विद्यार्थिनीच्या पोर्टलवर दिसते. तीन दिवसांनी तिला तिथे पाहायला सांगा आणि प्रत्येक संस्थेसमोर नोंद आली आहे की नाही ते विचारा. नसेल तर पीडीएफ हाताशी ठेवून संस्थेच्या प्रवेश कार्यालयाला तुमच्याच ईमेलवरून लिहा, तिच्या ईमेलवरून नको.